परीक्षा सुरू असताना लाइन गेली, तर कंपनीकडे नेमके काय मागावे?

प्रश्न: काल दुपारी एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट घरून देत होतो, नागपुरात. कोडिंगचा दुसरा प्रश्न चालू असताना लाइन गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण वायफाय बंद पडलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर परत आलो तर घड्याळात दहाएक मिनिटं कमी झालेली आणि कोडचा शेवटचा भाग गायब. वेळ संपली आणि टेस्ट तशीच सबमिट झाली. आता एचआरला पूर्ण रीटेस्ट मागू की फक्त जास्तीचा वेळ? बहाणा करतोय असं तर वाटणार नाही ना?

उत्तर: जरूर मागा, आणि आजच मागा. मी नागपुरातच एका सॉफ्टवेअर कंपनीत नव्या भरतीच्या ऑनलाइन चाचण्यांचे काम पाहते, त्यामुळे असे अर्ज निकाल लावण्यासाठी माझ्याच टेबलावर येतात. अर्ज वाचताना उमेदवार खरा की खोटा, याचा अंदाज बांधत बसण्याची वेळ आमच्यावर फार कमी येते, कारण त्या दहा मिनिटांत काय घडले याची नोंद सर्व्हरकडे आधीच असते. त्यामुळे बहाणा वाटेल का, ही काळजी तूर्त बाजूला ठेवा. तुमचे नेमके काय बुडाले आणि त्याची भरपाई आता कोणत्या मार्गाने होऊ शकते, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे.

वेळ आणि उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रीनवर दिसणारे घड्याळ तुमच्या ब्राउझरमध्ये चालते, म्हणून इंटरनेट गेले तरी ते पळतच राहते. खरी मुदत सर्व्हरकडे असते. काही प्लॅटफॉर्मवर संपर्क तुटताच सर्व्हर मुदत थांबवतो, काहींवर ठरावीक मर्यादेपर्यंतच थांबवतो आणि अनेक ठिकाणी अजिबात थांबवत नाही. यांपैकी काय होणार, हे चाचणी तयार करताना कंपनीने निवडलेल्या सेटिंगवर अवलंबून असते आणि निमंत्रणाच्या मेलमध्ये किंवा सुरुवातीच्या सूचनांच्या पानावर ते बहुधा लिहिलेले असते. ती सूचना आधी शोधून वाचा. परत आल्यावर तुम्हाला दहा मिनिटे कमी दिसली, याचा अर्थ तुमच्या चाचणीत मुदत थांबली नव्हती. ती तेवढीच राहिली असती, तर तुमचा वेळ बुडालाच नसता आणि विनंती फक्त गेलेल्या कोडपुरती करावी लागली असती.

कोडचे गणित थोडे निराळे आहे. तुम्ही टाइप केलेला मजकूर काही सेकंदांच्या अंतराने, किंवा ‘रन’ दाबल्यावर, सर्व्हरकडे जातो. संपर्क नसताना टाइप केलेले काही प्लॅटफॉर्म ब्राउझरमध्येच धरून ठेवतात आणि संपर्क परत आला की पाठवतात. पण त्याआधीच पान रीलोड केले, तर सर्व्हरकडे असलेली जुनी प्रत समोर येते आणि मधले लिखाण जाते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे. पुढच्या वेळी हॉटस्पॉट जोडल्यावर पान उघडेच ठेवून मिनिटभर थांबा, ‘सेव्ह्ड’ अशी खूण दिसते का पाहा आणि ती दिसली नाही तरच रीलोड करा.

आता भरपाईकडे वळू. चाचणी घेणाऱ्याच्या हाती साधारण तीन उपाय असतात: चालू चाचणीत मिनिटे वाढवणे, जमा झालेली चाचणी पुन्हा उघडणे, किंवा नवे निमंत्रण पाठवणे. पहिला उपाय चाचणी सुरू असेपर्यंतच शक्य असतो. म्हणून परत आल्याबरोबर मदतीच्या चॅटवर दोन ओळी टाकणारा उमेदवार त्याच बैठकीत दहा मिनिटे मिळवू शकतो. तुमच्यासाठी ती वेळ निघून गेली आहे. दुसरा उपाय वरवर सर्वांत सोपा वाटतो आणि बहुतेक जण तोच मागतात, पण आम्ही तो सहसा नाकारतो. तुम्ही प्रश्न पाहिला आहे आणि मध्ये एक रात्र गेली आहे. तुम्ही कितीही प्रामाणिक असलात, तरी तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांसाठी उघडून दिला तर इतर उमेदवारांशी बरोबरी राहत नाही. उरतो तिसरा उपाय, म्हणजे वेगळ्या प्रश्नासह नवी संधी. तुमच्या परिस्थितीत मागण्याजोगी गोष्ट हीच आहे, पण ती संपूर्ण परीक्षेसाठी मागायची की एका भागापुरती, याचा विचार आधी करावा लागतो.

गेल्या उन्हाळ्यातले एक प्रकरण सांगते, म्हणजे हा विचार कसा होतो ते स्पष्ट होईल. उमेदवार मनीषनगर भागातली होती. एका तासात दोन कोडिंग प्रश्न सोडवायचे होते आणि चाचणी दुपारी ३:०० वाजता सुरू झाली. पहिला प्रश्न तिने २५ मिनिटांत सोडवला आणि त्याच्या सगळ्या टेस्ट केस पास झाल्या. दुसरा प्रश्न ३:२६ वाजता उघडला. ३:३२ च्या सुमारास वीज गेली. घरी इन्व्हर्टर होता, पंखे आणि दिवे सुरूच राहिले, त्यामुळे तिला काही कळले नाही. राउटर मात्र हॉलमध्ये टीव्हीच्या प्लगवर होता आणि तो प्लग इन्व्हर्टरवर नव्हता. आपल्याकडच्या निम्म्याअधिक घरांत हीच मांडणी सापडेल, असे मला वाटते. ती ३:३८ पर्यंत लिहीत राहिली, मग ‘रन’ दाबले तर काहीच होईना. पान रीलोड केल्यावर ब्राउझरने ERR_INTERNET_DISCONNECTED असा संदेश दाखवला. तिने हॉटस्पॉट जोडला आणि ३:४१ ला ती परत आली, तेव्हा समोर ३:३१ ची प्रत होती आणि १९ मिनिटे उरली होती. तेवढ्यात तिने गेलेला भाग पुन्हा लिहिला, पण पूर्ण करता आला नाही.

४:०० वाजता चाचणी संपली आणि अर्ध्या तासाच्या आत तिचा मेल आला. मेल इंग्रजीत होता. त्याचा मजकूर मराठीत सांगायचा तर असा:

“आज दुपारी ३:०० वाजता सुरू झालेल्या चाचणीत, दुसरा प्रश्न सोडवताना, साधारण ३:३२ ला घरातला वीजपुरवठा खंडित झाला आणि वायफाय बंद पडले. लॅपटॉप बॅटरीवर सुरू होता. ३:४१ ला मी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून त्याच चाचणीत परत आले. ३:३१ नंतर लिहिलेला कोड जतन झालेला नव्हता आणि मुदतही थांबली नव्हती. सर्व वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार असून कृपया सर्व्हरच्या लॉगवरून त्या पडताळून पाहाव्यात. पहिल्या प्रश्नाबद्दल माझी काही विनंती नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी शक्य असल्यास वेगळा प्रश्न देऊन संधी मिळावी. ते नियमात बसत नसेल, तर जमा झालेला कोड तपासताना या खंडाची नोंद विचारात घ्यावी.”

यापेक्षा मोठा मेल लिहिण्याची गरज नसते. मेल वाचणाऱ्या एचआरला लॉग सहसा स्वतः पाहता येत नाही. तिला तो प्लॅटफॉर्मच्या सपोर्टकडे पाठवून विचारावे लागते. तुमचा मेल आहे तसा पुढे पाठवता आला, तर काम त्याच दिवशी मार्गी लागते. “माझ्या परीक्षेत खूप तांत्रिक अडचणी आल्या, कृपया सहकार्य करावे” एवढेच लिहिले, तर काय पडताळायचे हे विचारण्यातच दोन दिवस जातात.

सपोर्टकडून आलेल्या लॉगमध्ये शेवटचा संपर्क १०:०१:४० ला आणि पुढचा १०:११:०५ ला दिसत होता. आमच्या नव्या सहकाऱ्याला वाटले की उमेदवाराने सांगितलेल्या वेळा मुळीच जुळत नाहीत. पण सर्व्हरचे लॉग पुष्कळदा यूटीसीमध्ये ठेवलेले असतात आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे असते. साडेपाच तास मिळवल्यावर ३:३१:४० आणि ३:४१:०५ येतात, म्हणजे संपर्क नऊ मिनिटे आणि पंचवीस सेकंद तुटलेला होता. यासाठीच मेलमध्ये वेळेसोबत “भारतीय प्रमाणवेळ” हे दोन शब्द लिहावेत. वेळा मोबाइलवरून घ्याव्यात, कारण मोबाइलचे घड्याळ नेटवर्कवरून जुळवलेले असते. भिंतीवरच्या घड्याळावर विसंबू नये.

लॉगमध्ये आम्ही आणखी काय पाहतो, हेही सांगते, कारण त्यावरून तुमची शंका मिटेल. ब्राउझर ठरावीक अंतराने सर्व्हरला आपण जिवंत असल्याचा इशारा देत असतो. वीज गेली की ते इशारे एकदम थांबतात. त्याच्या लगेच आधी दुसऱ्या टॅबवर गेल्याची नोंद नसते. परत येताना आयपी पत्ता बदललेला असतो, कारण घरचे ब्रॉडबँड सोडून मोबाइल नेटवर्क आलेले असते. आयपी बदलला म्हणून उमेदवार घाबरतात, पण हॉटस्पॉटचा उल्लेख मेलमध्ये केलेला असेल, तर तोच बदल तुमच्या म्हणण्याला दुजोरा देतो. त्यानंतर आम्ही कोड कसा वाढत गेला ते पाहतो. अनेक प्लॅटफॉर्मवर टाइप केलेल्या अक्षरांचा क्रम पुन्हा चालवून पाहता येतो. खंडाआधी अर्धवट असलेला कोड खंडानंतर त्याच वळणाने, थोडा भरभर, पुढे जात असेल तर उमेदवार आठवून पुन्हा लिहितो आहे, हे दिसते. खंडाआधी चार ओळी होत्या आणि परत आल्यावर एका क्षणात चाळीस ओळींचे पूर्ण उत्तर अवतरले, तर आम्ही थांबून विचार करतो. तुम्ही रीलोड करण्यापूर्वी कोड नोटपॅडमध्ये कॉपी करून नंतर पेस्ट केला असेल, तर ते स्वतःहून मेलमध्ये लिहा. ती पेस्टची नोंद लॉगमध्ये असणारच.

त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचे गुण आम्ही तसेच ठेवले आणि दुसऱ्याऐवजी तितक्याच अवघड पातळीचा वेगळा प्रश्न ३० मिनिटांसाठी दिला. तिने पूर्ण रीटेस्ट मागितली असती, तर काय झाले असते? नव्या निमंत्रणाने बहुतेक वेळा जुनी चाचणी रद्द होते, म्हणजे पहिल्या प्रश्नाचे पूर्ण गुणही गेले असते आणि दोन नवे प्रश्न समोर आले असते. शिवाय आमच्या बाजूने पाहिले, तर नऊ मिनिटांच्या नुकसानासाठी एका तासाची नवी संधी देणे समितीला पटवून देणे कठीण असते. म्हणून तुमचा पहिला प्रश्न नीट सुटला असेल, तर दुसऱ्यापुरतेच मागा. तो मुळातच अर्धवट राहिला असेल आणि प्लॅटफॉर्मवर एका भागाची फेरचाचणी देण्याची सोयच नसेल, तर पूर्ण रीटेस्ट मिळू शकते, पण तो निर्णय त्यांच्यावर सोडा आणि जुने गुण राहणार की जाणार, हे स्वीकारण्याआधी लेखी विचारून घ्या.

पुराव्याबद्दल थोडे. तुमच्या भागातली वीज गेल्याची तक्रार महावितरणच्या ॲपवर किंवा टोल-फ्री क्रमांकावर केली असेल, तर तिचा तक्रार क्रमांक आणि वेळ मेलला जोडा. दुरुस्तीसाठी आधी ठरवलेला बंद असेल, तर नोंदणीकृत मोबाइलवर महावितरणचा एसएमएस येतो. हा एसएमएस दुधारी आहे: वीज खरोखर गेली होती हे त्यावरून सिद्ध होते, पण आधी माहीत असूनही तुम्ही हॉटस्पॉट तयार ठेवला नाही, असा प्रश्नही निघतो. तो लपवू नका; एसएमएस घरातल्या मोठ्यांच्या मोबाइलवर आला आणि तुम्हाला नंतर कळले, असे असेल तर तसेच एका वाक्यात लिहा. काहीच पुरावा नसला तरी अर्ज अडत नाही, कारण मुख्य पुरावा सर्व्हरकडेच आहे.

स्क्रीनचे फोटो जोडताना मात्र सावध राहा. फोटोत त्रुटीचा संदेश आणि वेळ एवढेच असावे. प्रश्नाचा मजकूर दिसणारा फोटो पाठवणे हा चाचणीच्या गोपनीयतेचा भंग ठरू शकतो, आणि कॅमेऱ्यावरून देखरेख असलेल्या चाचणीत मोबाइल हातात घेणे हेसुद्धा संशयास्पद म्हणून नोंदवले जाते. तुमच्या चाचणीत तशी देखरेख असेल, तर हॉटस्पॉट लावण्यासाठी मोबाइल उचलावा लागला, हेही मेलमध्ये यायला हवे.

दोष कोणाकडचा, याबद्दल जे ठाऊक आहे तेवढेच लिहा. “सर्व्हर डाउन होता” हे वाक्य आमच्याकडे फार येते आणि लॉग पाहिल्यावर बहुतेक वेळा टिकत नाही. ERR_INTERNET_DISCONNECTED दिसले, तर तुमचे यंत्रच इंटरनेटपासून तुटलेले असते. फायबरच्या राउटरवर LOS नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर घरची वीज असूनही बाहेरून येणारा सिग्नल बंद आहे, असे समजावे. पानावर 502 किंवा 503 असा आकडा आला आणि त्याच वेळी इतर संकेतस्थळे उघडत होती, तर अडचण प्लॅटफॉर्मच्या बाजूची असण्याची शक्यता मोठी असते. असे झाले तर त्याच वेळी चाचणी देणाऱ्या इतरांनाही त्रास झालेला असतो आणि कंपनी बहुधा सगळ्यांनाच नवी वेळ देते. तुमच्या बाबतीत वीज घरची गेली होती. ते स्पष्ट लिहिल्याने तुमची बाजू कमकुवत होत नाही, उलट पडताळणी लवकर होते.

कंपनी नकार देऊ शकते, हे मनात धरून चला. चाचणी सुरू करण्यापूर्वी आपण ज्या अटींवर टिक करतो, त्यांत वीज आणि इंटरनेटची जबाबदारी उमेदवाराची, असे एक कलम पुष्कळदा असते आणि त्यावर बोट ठेवून एखादी कंपनी विषय संपवू शकते. भरतीची घाई, जागांची संख्या, प्रश्नसंचात पर्यायी प्रश्न शिल्लक आहेत की नाहीत, यांवरही बरेच ठरते. म्हणूनच मेलच्या शेवटी जमा झालेला कोड नोंदीसह तपासण्याची दुसरी विनंती ठेवायची. ती मान्य करायला त्यांना नवे काही उभारावे लागत नाही. अर्धवट कोडचे काही टेस्ट केस पास झाले असतील आणि मांडणी नीट असेल, तर मुलाखतीला बोलावण्यासाठी तेवढे पुरेसे ठरल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

परीक्षा महाविद्यालयाच्या कॅम्पस ड्राइव्हमधून असेल, तर मेल प्लेसमेंट अधिकाऱ्यांमार्फत पाठवा; सरांनी किंवा मॅडमनी पुढे पाठवलेल्या मेलला एचआरकडून लवकर उत्तर येते, आणि एकाच वर्गातल्या चार जणांना तीच अडचण आली असेल तर त्यांची एकत्र यादी जाते. केंद्रावर होणाऱ्या संगणकीय परीक्षांची गोष्ट निराळी आहे. तिथे यंत्र बंद पडले की हात वर करून पर्यवेक्षकाला सांगायचे. दुसरे यंत्र देऊन बुडालेली मिनिटे सर्व्हरवर भरून देण्याची पद्धत असते, आणि ती मिनिटे मिळाली नाहीत तर लेखी तक्रार हॉल सोडण्याआधीच द्यावी लागते. घरी येऊन पाठवलेल्या मेलला तिथे फारसा अर्थ उरत नाही.

तुमचा मेल आज संध्याकाळच्या आत जाऊ द्या आणि विषयाच्या ओळीत तुमचे नाव, चाचणीचे नाव आणि निमंत्रणातला उमेदवार क्रमांक असू द्या. तोच मजकूर प्लॅटफॉर्मच्या सपोर्टलाही पाठवायला हरकत नाही, पण परवानगी देणारी कंपनी आहे, सपोर्ट नव्हे, हे लक्षात ठेवून एचआरचा मेल मुख्य समजा. कामाचे दोन दिवस उत्तर आले नाही, तर त्याच मेलवर एक नम्र आठवण करा; फोन, लिंक्डइन आणि व्हॉट्सॲप अशा तिन्ही बाजूंनी एकदम विचारणा करू नका. संधी मिळालीच, तर चाचणीच्या अर्धा तास आधी हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप त्याला एकदा जोडून पाहा, म्हणजे पुन्हा वीज गेली तरी पासवर्ड टाकण्यात मिनिटे जाणार नाहीत, आणि राउटरचा प्लग इन्व्हर्टरच्या बोर्डावर हलवा.